रात्रीची भडास दुपारी परत लिहिताना

प्रश्न:

ताई, मी रोज डायरी लिहित नाही, पण डोकं फिरलं की रात्री उठून लिहिते. दुसऱ्या दिवशी वाचलं की लाज वाटते, म्हणून तेच शांतपणे परत लिहायचा प्रयत्न करते, पण मग ते इतकं गुळमुळीत होतं की मलाच खोटं वाटतं. परवाचं उदाहरण देते.

रात्री दीड वाजता: "दादाचा परत फोन. अर्धा तास. डॉक्टरांना नीट विचारलंस का म्हणे. हा कोण विचारणारा. त्याला आईची पडलेलीच नाहीये, फक्त दाखवायचंय की मी पण आहे. नेहमीचंच आहे. मी एकटी मरतेय इथे. आणि आई पण त्याचंच कौतुक करते. एकदा संपावं हे सगळं."

दुसऱ्या दिवशी: "काल दादाशी बोलणं झालं. तो लांब असल्यामुळे त्याला इथली परिस्थिती कळत नाही. मी थोडा संयम ठेवायला हवा. आईसाठी आम्ही दोघंही आपापल्या परीने करतोच."

राग पण नको आणि हे असं पण नको. मधलं कसं लिहायचं?

उत्तर:

दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. रात्रीचं पान एकतर्फी आहे, त्यात एकदोन गोष्टी चुकीच्याही असतील, पण ते एका जिवंत माणसाने लिहिलंय हे कळतं. दुसरं पान कोणी लिहिलंय तेच कळत नाही. चार वाक्यं आहेत आणि एकातही काल नेमकं काय झालं ते नाही. "बोलणं झालं" म्हणजे कोण काय बोललं? "तो लांब असल्यामुळे त्याला कळत नाही" हे तू दादाच्या वतीने दिलेलं स्पष्टीकरण आहे, त्याने ते मागितलेलं पण नाही. "संयम ठेवायला हवा" ही स्वतःला दिलेली ताकीद झाली. आणि "आपापल्या परीने करतोच" यावर तर तुझा स्वतःचाच विश्वास नाहीये, असता तर दीड वाजता उठून लिहायला बसली नसतीस.

म्हणजे झालं काय, तू पानातला राग काढायला गेलीस आणि रागाबरोबर सगळी माहितीच पुसून टाकलीस. म्हणून ते खोटं वाटतंय. आपल्याला वाटतं की शांत लिहायचं म्हणजे शब्द मऊ करायचे आणि समोरच्याला समजून घेतल्यासारखं करायचं. माझं मत अगदी उलटं आहे, राग खाली येतो तो नेमकं लिहिल्यावर येतो, आणि नेमकं लिहिलं की कधीकधी तक्रार रात्रीपेक्षा जास्त पक्की होते, तर होऊ दे की. शांत पानात तक्रार असायला काहीच हरकत नाही.

आता करायचं कसं. पहिली गोष्ट वेळेची. रात्री लिहिलंस ते रात्रीच बंद करायचं, तारीख टाकायची, वेळ टाकायची आणि वही मिटायची. त्याच रात्री ते सुधारायला बसायचं नाही, कारण थकलेल्या डोक्याने परत वाचलं की आपण सुधारत नाही, अजून दोन आरोप घालतो. आणि भडास काढली की मोकळं वाटतं हे जे सगळे म्हणतात ना, ते अर्धंच खरं आहे. ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा २००२ सालचा एक प्रयोग आहे, त्यात आधी लोकांना राग आणला, मग काहींना त्या राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले आणि काहींना नुसतंच गप्प बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग गप्प बसणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला. डायरी म्हणजे काही पंचिंग बॅग नाही हे मान्य, पण "हा कोण विचारणारा" हेच वाक्य आठ वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं तर ती तशीच होते.

लिहिण्याबद्दल वेगळा अभ्यास आहे आणि तुझ्या प्रश्नाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये तो छापला. कॉलेजच्या मुलांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं लिहायला लावलं, एका गटाला आयुष्यातल्या वाईट प्रसंगाबद्दल फक्त भावना लिहायला सांगितल्या, एकाला फक्त काय घडलं ते, एकाला दोन्ही, आणि एका गटाला बिनमहत्त्वाचे विषय दिले. लिहून झाल्यावर लगेच तर दोन्ही लिहिणाऱ्यांचा मूड खराबच झाला होता, पण पुढच्या महिन्यांत डॉक्टरकडे जाणं कमी झालं ते याच गटाचं. पुढे पेनेबेकरनी अशी बरीच लिखाणं तपासली तेव्हा दिसलं की ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक "कारण", "त्यामुळे", "आता लक्षात येतंय" असे शब्द वाढत गेले होते. पहिल्याच दिवशी ज्यांची गोष्ट तयार होती त्यांना तेवढा फायदा दिसला नाही. तर तुझ्या रात्रीच्या पानात भावना भरपूर आहेत आणि घटना दीड ओळ, दुसऱ्या पानात दोन्ही नाहीत. आपल्याला दोन्ही असलेलं पान हवंय, बस.

दुसऱ्या दिवशी, शक्यतो दुपारी किंवा संध्याकाळी, दादाचा फोन यायची वेळ नसेल अशा वेळी, पेन्सिल घेऊन बस. रात्रीच्या पानावर काही खोडायचं नाही. नुसत्या खुणा करायच्या. जे फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं असतं त्याच्याखाली सरळ रेघ. जे दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याबद्दल आहे त्याच्याखाली नागमोडी रेघ. आणि जे तुला झालं, शरीरात किंवा मनात, त्याला गोल. एवढंच. यात कोणतं वाक्य चांगलं कोणतं वाईट असं काही नाही, नागमोडी रेघेचं वाक्य खरंही निघू शकतं, फक्त ते तुला दिसलेलं नाहीये, तू काढलेला अंदाज आहे एवढं कळलं पाहिजे.

तुझ्या पानावर मी केलं तर सरळ रेघ कुठे आली माहितीये? "दादाचा फोन" आणि "डॉक्टरांना नीट विचारलंस का", संपलं. "त्याला पडलेलीच नाहीये, फक्त दाखवायचंय" हे सगळं नागमोडी. गोल करायला तर जवळपास काही मिळालंच नाही, "मरतेय" सोडून, आणि तेही नेमकं काय होतंय ते सांगत नाही. म्हणजे इतकं रागाचं पान आणि त्यात तुला काय झालं ते लिहायचंच राहिलंय. हे बहुतेक सगळ्यांचं होतं हं, रागाचं पान समोरच्याबद्दल असतं, आपण त्यात नसतोच.

आता एकेक वाक्य घे. "अर्धा तास." फोन उघड आणि कॉलची यादी बघ. समजा तिथे ११ मिनिटं निघाली. तर "बघ, मी किती वाढवून सांगते" असं स्वतःला टोचायची गरज नाही, आणि गुपचूप अर्ध्या तासाच्या जागी ११ मिनिटं लिहूनही चालणार नाही. दोन्ही लिही, फोन ११ मिनिटांचा होता आणि मला अर्ध्या तासासारखा वाटला. मग आपोआप पुढचा प्रश्न येतो की त्या ११ मिनिटांत असं काय होतं, आणि तिथे कामाचं काहीतरी सापडतं.

"नेहमीचंच आहे." या वाक्याला मी कायम अडवते. नेहमी, कधीच नाही, कोणालाच, दरवेळी, हे शब्द दिसले की त्यांच्या जागी शेवटचे तीन प्रसंग लिहायचे, साधारण तारखेसकट. तुला तीन पटापट आठवले तर तुझी तक्रार खरी आहे आणि आता तिच्याकडे पुरावा पण आहे, "नेहमी" पेक्षा तो जास्त जड आहे. एकच आठवला आणि दुसऱ्यासाठी ताणायला लागलं, तर त्या एकाच प्रसंगात काहीतरी जास्त लागलंय, आणि मग पान त्या प्रसंगाबद्दल लिहायचं.

"हा कोण विचारणारा." प्रश्नासारखं दिसतं पण तुला उत्तर नकोच आहे. रात्रीच्या पानातले असले प्रश्न खरोखर विचारायचे आणि खरोखर उत्तर लिहायचं. कोण विचारणारा? तिचा मुलगा. विचारायचा हक्क आहे का? आहे. मग मला राग कशाचा आला? विचारण्याचा आला, की, समजा, तीन तास रांगेत बसून मी विचारून आले ते याने धरलंच नाही याचा आला? बघ, इथे पहिल्यांदा "कारण" हा शब्द लिहिता येतो, मला राग आला कारण त्याच्या प्रश्नात मी काम नीट केलं नसणार असं गृहीत होतं. हे वाक्य मूळ वाक्यापेक्षा शांत आहे आणि दादासाठी जास्त अडचणीचं पण आहे.

फोनचा प्रसंग लिहिताना एक युक्ती वापर. तो असा लिही की तू दारात उभी राहून त्या खोलीतल्या तुलाच बघतेयस. ईथन क्रॉस आणि ओझ्लेम आयडुक या मानसशास्त्रज्ञांनी यावर बराच अभ्यास केलाय, रागाचा प्रसंग आपल्याच डोळ्यांनी परत जगण्यापेक्षा थोडं लांबून बघितला तर माणूस तेवढा परत पेटत नाही आणि का झालं याचा विचार करू शकतो. पण हे चार-पाच वाक्यांपुरतंच कर. पूर्ण पान असं लिहिलंस तर ते चौकशीचा अहवाल वाटायला लागेल आणि मग परत तुझीच तक्रार की यात मी नाहीये.

आणि लांबून बघितलं की तू काय केलंस ते पण दिसतं, जे रात्रीच्या पानात अजिबात नाहीये. दादाने विचारलं, तू काय म्हणालीस? "हो विचारलं" म्हणून ठेवला असशील कदाचित. की सगळं सविस्तर सांगितलंस आणि त्याने मधेच तोडलं? हे लिहायचं ते चूक कबूल करायला नाही, प्रसंग पूर्ण व्हावा म्हणून. इथे एक खड्डा आहे तो सांगते. बऱ्याच जणी "चिंतन" करायला बसल्या की समोरच्यावरचा खटला काढून घेतात आणि तोच स्वतःवर भरतात, मीच चिडकी, मीच लहान मनाची, मीच समजून घेत नाही. तो पण रागच आहे, फक्त तोंड फिरवलंय. "मी चिडकी आहे" असं लिहिलंस की त्याच्याखालीही नागमोडी रेघ मार, कारण तो पण अंदाजच आहे, घडलेली गोष्ट "मी फोन ठेवला" एवढीच आहे.

आता मला खरं ज्याच्यावर बोलायचंय ते. रागाचं पान वाचताना मी कायम शेवटचा भाग आधी बघते. सुरुवातीला आपण ज्याच्यावर राग काढणं सोपं आहे त्याच्यावर काढतो, आणि खरं दुखणं खाली कुठेतरी "आणि" करून येतं. तुझ्या पानात बघ, दादावर सहा वाक्यं आणि मग "आणि आई पण त्याचंच कौतुक करते", एक ओळ. दादाचा फोन हे निमित्त असेल, पण जी आई दिवसभर तुझ्या हातून औषध घेते ती संध्याकाळी फोनवर त्याला "किती काळजी करतोस रे" म्हणते, हे जर असं असेल तर तुझं पान दादाबद्दल नाहीच. आणि आजारी आईवर राग आहे असं लिहायची लाज वाटते म्हणून तो दादाच्या खात्यात जातो. मी हे तुझ्या एका ओळीवरून म्हणतेय, चूक असू शकते, तू तपास.

आणि शेवटची ओळ, "एकदा संपावं हे सगळं". दुसऱ्या पानातून ही ओळ तू सगळ्यात आधी गायब केलीस, बरोबर? आणि माझ्या मते पान प्रामाणिक राहिलंय की नाही याची खरी परीक्षा हीच. रात्रीच्या पानातलं सगळ्यात नको वाटणारं वाक्य नव्या पानात असलंच पाहिजे. जसंच्या तसं नाही, उलगडून. काय संपावं? हॉस्पिटलच्या फेऱ्या संपाव्यात? हे फोन संपावेत? की आईचं दुखणं संपावं, आणि त्यात तो विचार पण डोकावला जो आपण कोणालाच सांगत नाही, की आई सुटावी आणि मी पण सुटावं? आजाऱ्याचं सगळं करणाऱ्या माणसाच्या मनात हा विचार येतो, खूप जणांच्या येतो, आणि तो आल्यामुळे करण्यातलं प्रेम खोटं ठरत नाही. पण मोघम ठेवला की तो रात्री परत येतो. तो सरळ लिही.

याला अजून एक अर्थ असू शकतो तो मी विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही. "संपावं" म्हणजे मीच नसावं असं जर मनात असेल, एकदा जरी येऊन गेलं असेल, तर हे पान परत लिहायचा उद्योग बाजूला ठेव आणि आजच्या आज माणसाशी बोल, घरातलं कोणी, मैत्रीण, डॉक्टर, समुपदेशक, जो पटकन भेटेल तो. ते डायरीचं काम नाही.

तसं नसेल तर नवं पान साधारण कसं होईल ते लिहून दाखवते. तपशील मी माझ्या मनाने घातलेत, तू तुझे घाल, आणि माझी वाक्यं तर अजिबात वापरू नकोस.

"काल रात्री साडेनऊला दादाचा फोन आला. ११ मिनिटं. मला अर्धा तास वाटला. त्याने आधी आईशी बोलून घेतलं आणि मग मला विचारलं, डॉक्टरांना नीट विचारलंस का गोळी बदलायचं. मी म्हटलं हो. तो म्हणाला नक्की ना. मी म्हटलं हो म्हणाले ना, आणि फोन आईकडे दिला. माझा गळा दाटून आला होता आणि हात इतका घट्ट होता की मोबाईलच्या कडेचा वळ उठला.

राग आला कारण मी सकाळी तीन तास बसून तेच विचारून आले होते आणि त्याच्या प्रश्नात ते नव्हतंच. मागच्या रविवारी रिपोर्टबद्दल असंच झालं, त्याआधी पथ्याबद्दल. तिसरा प्रसंग आठवत नाहीये. त्याला आईची काळजी नाही असं मी रात्री लिहिलं. मला ते माहीत नाही. तो फोन करतो हे माहीत आहे, आणि आल्यावर दोन दिवस राहून जातो हे पण माहीत आहे. काळजी असेल, तिचा मला काही उपयोग होत नाही.

आई त्याला म्हणाली किती करतोस रे माझ्यासाठी. मी तेव्हा तिच्या पायाला तेल लावत होते. मला वाटतं फोनपेक्षा मला हे जास्त लागलं. आईवर रागावलेय असं लिहायला हात होत नाहीये, पण रागावलेय.

'संपावं' असं लिहिलं रात्री. खरं सांगायचं तर क्षणभर सगळंच संपावं असं वाटलं, तिच्यासकट. सकाळी तिचे केस विंचरताना ते आठवलं आणि पोटात कसंतरी झालं. दोन्ही खरं आहे. मला एक पूर्ण रात्र झोप हवीये. मी दादाला कधी म्हटलंय का की पुढच्या वेळी रजा काढून तू घेऊन जा तिला? आठवत नाही. बहुतेक नाही."

बघ, यात राग कमी झालाय का? माझ्या मते नाही, "तिचा मला काही उपयोग होत नाही" हे वाक्य रात्रीच्या सगळ्या वाक्यांपेक्षा बोचरं आहे. पण ते आरडाओरडा करत नाही कारण त्याच्या आधी दोन गोष्टी मान्य केल्यात. आणि "मला ते माहीत नाही" हे वाक्य लक्षात ठेव, ते फार कामाचं आहे. दादाची बाजू ओढूनताणून मांडायची गरज नाही. तुला त्याची बाजू माहीत नाही, तर माहीत नाही एवढंच लिहायचं. तुझ्या दुसऱ्या पानात तू "तो लांब असल्यामुळे" म्हणून त्याची वकिली केलीस, ती पण मनातलं ओळखणंच झालं की, रात्री वाईट ओळखलं आणि दुपारी चांगलं ओळखलं, दोन्ही वेळा विचारलं नाहीच.

अजून एक, मी शेवटी काही ठरवलेलं नाहीये त्या पानात. "आता मी असं करेन" नाही, "यातून मी शिकले" तर नाहीच नाही. शेवटी धडा लिहायची आपल्याला शाळेपासून सवय असते आणि डायरीत ती घात करते, कारण धडा लिहायचाय म्हटलं की आपण आधीची वाक्यं त्याला जुळतील अशी वाकवतो. उत्तर नसलेला प्रश्न शेवटी राहिला तर राहू दे. त्या दादाला कधी म्हटलंय का या प्रश्नावरून तू दोन दिवसांनी त्याला फोन करशील किंवा करणार नाहीस, ते डायरीच्या बाहेरचं आहे.

पान जमलंय की नाही ते कसं ओळखायचं, तर मी दोन गोष्टी बघते. एक म्हणजे हळू आवाजात वाचून बघायचं, जिथे तुझा आवाज भाषण दिल्यासारखा होतो तिथे खोटं आहे, ते वाक्य काढ किंवा परत लिही. दुसरं, कल्पना कर की दादाने हे पान वाचलं. पूर्ण पान त्याला बिनधास्त दाखवता येईल असं वाटलं तर तू ते त्याच्यासाठी लिहिलंयस, तुझ्यासाठी नाही, कुठेतरी काहीतरी झाकलंयस. उलट दाखवायची भीती वाटते पण "हे असं झालंच नाही" असं तो म्हणू शकणार नाही, असं असेल तर पान बरोबर आहे.

याला मर्यादा आहे तीही सांगते. एकाच विषयावर तू तीन-चार वेळा असं पान लिहिलंस आणि दरवेळी तीच वाक्यं त्याच क्रमाने येतायत, नवं "कारण" एकही येत नाहीये, तर लिहिणं थांबव. त्याला विचार करणं म्हणत नाहीत, घोळवणं म्हणतात, आणि अजून चांगलं लिहून ते सुटत नाही. तिथे परिस्थितीच बदलायला लागते, म्हणजे कोणीतरी दुसरं हॉस्पिटलला जायला लागतं. तसंच लिहिता लिहिता इतकं असह्य झालं की हात थरथरायला लागले किंवा कोसळतोय असं वाटलं, तर वही मिटून उठायचं, दुसरा विषय घ्यायचा किंवा काहीच नाही. पेनेबेकर स्वतः हेच सांगतात, झेपत नाही असं वाटलं की थांबा. आणि दर वेळी परत लिहायलाच हवं असंही नाही, अर्ध्या भडाशी नुसत्या झोप कमी झाल्याच्या असतात, दुसऱ्या दिवशी वाचल्या की त्यात रेघ मारण्यासारखं काही सापडत नाही, त्या तशाच सोडून द्यायच्या.

रात्रीच्या पानाचं काय करायचं ते तू विचारलं नाहीस पण लाज वाटते म्हणालीस म्हणून सांगते. फाडू नकोस लगेच. मी तर म्हणेन वहीत डावीकडे रात्रीचं लिही आणि उजवं पान कोरं सोड, दुसरं तिथे लिहायचं, म्हणजे पुढे कधी वाचताना दोन्ही समोर असतात आणि काय बदललं ते दिसतं. घरात कोणी वही उघडेल अशी खरी भीती असेल तर मात्र दुसरं पान झाल्यावर पहिलं फाडून टाक, पण फाडायच्या आधी त्यातली ती एक नको वाटणारी ओळ उजव्या पानावर आली आहे ना, ते बघून घे.